नवी रूममेट येते ती संध्याकाळ: आधी काय आवरायचं, काय बोलायचं, काय राखून ठेवायचं

डिसेंबरात आमच्या मजल्यावरची एक मुलगी माझ्याकडे आली. चार महिने तिची रूममेट तिची बादली न विचारता नेत होती आणि आता दोघींचं बोलणं बंद होतं. "तू तिला कधी सांगितलंस का?" मी विचारलं. तर म्हणाली, "कसं सांगू? पहिल्या दिवशी मीच म्हटलं होतं, घे गं, आपल्यात काय विचारायचं."

मुंबईतल्या दोन होस्टेलांत मिळून मी सहा वर्षं काढली. एवढ्या काळात हे वाक्य इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं की आता त्याचा धसकाच घेतलाय. घरी आलेल्या माणसाशी कसं बोलायचं एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं, म्हणून पहिल्या संध्याकाळी आपण पाहुणचाराची भाषा बोलतो. पण रूममेट दोन दिवसांनी परत जाणार नसते. ती वर्षभर राहणार असते आणि खोलीचे निम्मे पैसे भरते.

खालचं सगळं एकाच प्रसंगाबद्दल आहे: दोन कॉटची खोली, तुम्ही आधीपासून तिथे, जुलै-ऑगस्टचा पाऊस आणि संध्याकाळी नवी मुलगी येणार. मुलांच्या होस्टेलात शब्द बदलतील, क्रम तोच राहील. तिथली नेहमीची चूक वेगळी असते. सगळं "अरे भावा" करत थट्टेवारी नेलं जातं आणि सांगायचं ते राहूनच जातं.

१. ती येण्याआधी: निम्मी खोली मोकळी करा

नवीन मुलगी येणार हे ऑफिसातून बहुधा आदल्या दिवशी तरी कळतं. तास-दीड तास काढा. एकटं राहायची सवय झाली की सामान आपोआप पसरतं आणि आपल्याला ते दिसेनासं होतं.

सुरुवात कपाटापासून करा, मग दोरी, मग प्लग, शेवटी टेबल. दोरीकडे बहुतेक जणींचं लक्ष जात नाही. पावसाळ्यात मुंबईत जाड कपडा वाळायला दोन-तीन दिवस लागतात आणि कपडे खोलीतच वाळत घालावे लागतात. खिडकीच्या गजापासून दाराच्या चौकटीतल्या खिळ्यापर्यंत जी दोरी बांधलेली असते, ती खोलीतली सगळ्यांत मोलाची जागा समजा. बरोबर मध्यावर एक रंगीत चिंधी बांधून ठेवा. अलीकडची बाजू एकीची, पलीकडची दुसरीची. प्लगच्या बोर्डावर दोनच जागा असतील तर एक आत्ताच रिकामी करा, कारण तिचा फोन प्रवासात उतरलेला असणार.

कॉटबद्दल नीट विचार करून ठेवा. पंख्याखालची किंवा खिडकीजवळची कॉट तुम्ही घेतली असेल आणि ती सोडायची नसेल, तर सरळ सांगायचं, "मी जूनपासून याच कॉटवर आहे, पलीकडची तुझी." दुसऱ्या वर्षी मी शिष्टाचार म्हणून बोलून गेले, "तुला हवी तर ही घे हं." ती म्हणाली, "चालेल ना तुला?" आणि मी आठ महिने पंख्याच्या वाऱ्याबाहेर झोपले. तिचं काहीच चुकलं नव्हतं. द्यायचं नव्हतं ते मीच देऊ केलं होतं.

मग एक कागद घ्या आणि खोलीत दुसरं माणूस आल्यावर ज्याचा त्रास होईल असं वाटतं ते सगळं लिहून काढा. त्यातल्या तीनच गोष्टी निवडायच्या, ज्या झोपेशी, अंगाला लागणाऱ्या वस्तूंशी किंवा अभ्यासाशी संबंधित आहेत. माझ्या असायच्या रात्रीचा दिवा, पहाटेचा गजर आणि टॉवेल-बादली. बाकीच्यांवर काट मारू नका, पण आज त्यांचा विषय काढायचा नाही.

*तपासा:* दोन्ही हातांत बॅगा घेऊन स्वतः दारात उभ्या राहा. बॅग कुठे टेकवायची हे कोणालाही न विचारता कळतंय का? नसेल तर अजून आवरायचं बाकी आहे.

२. दारात: आईवडिलांसकट स्वागत

पहिल्या वर्षाची मुलगी सहसा एकटी येत नाही. भिजलेली तीन माणसं, गादीची वळकटी, दोन बॅगा आणि डब्यांची पिशवी दारात उभी असते. फोन बाजूला ठेवून उठा. "या काका, या काकू" म्हणा, स्वतःचं नाव सांगा, छत्र्या कुठे ठेवायच्या ते दाखवा, पाणी द्या. सामानाला हात लावण्याआधी "हात लावू का?" एवढं विचारा. पिशवीत लोणच्याची बरणी असेल, देवाचा फोटो असेल, फीचे पैसे असतील.

नंतर बाजूला व्हा. आई कपाटात वर्तमानपत्र अंथरेल, वडील खिडकीची कडी लागते का ते बघतील. तो अर्धा तास त्यांचा आहे. मी सरळ व्हरांड्यात जाऊन उभी राहायचे.

आता बोलण्याबद्दल, कारण इथे चुका फार होतात. पुढचे प्रश्न पहिल्या संध्याकाळी विचारूच नयेत: आडनाव काय, पर्सेंटाइल किती, कुठल्या राउंडला लागलं, वडील काय करतात. आपल्याकडे आडनावावरून गाव ओळखतात आणि गावाच्या आडून जात. विचारणारीच्या मनात काही नसेलही, पण ऐकणारीला वाटतं की आपल्याला तोलून पाहिलं जातंय. त्याऐवजी किती वाजता निघालात, गाडीत बसायला जागा मिळाली का, असं विचारा. आणि सगळ्यांत उपयोगाचा प्रश्न म्हणजे "तुला काय म्हणून हाक मारू?" कागदावरचं नाव आणि तिला आवडणारं नाव एकच असेल असं नाही. ती वयानं मोठी असेल तर "तू" की "ताई", तेही याच प्रश्नात कळतं.

*जपून:* तिच्या बोलीची नक्कल करू नका, कौतुकानंसुद्धा नाही. "मव्हं" किंवा "काऊन" हा शब्द तुम्ही हसून परत म्हटलात, तर ती त्या दिवसापासून आईचा फोन जिन्यात जाऊन घेईल.

निघताना आई बहुतेक वेळा तुमचा हात धरते. "तुमच्या जिवावर सोडून चाललोय, लक्ष ठेवा हिच्यावर." मन भरून येतं आणि तोंडून जातं, "काही काळजी करू नका, मी बघते सगळं." ते म्हणू नका. महिन्याभरात रात्री फोन येतो, ती उचलत नाही, कुठे आहे, कोणाबरोबर आहे? मग तुम्हाला आईशी खोटं तरी बोलावं लागतं, नाहीतर रूममेटची चुगली तरी करावी लागते. मी असं म्हणते: "काकू, काही दुखलं-खुपलं तर मी आहे. रेक्टर मॅडमपण इथेच असतात, हा त्यांचा नंबर." आधी रेक्टरचा नंबर द्यायचा. तुमचाही मागितला तर द्या, पण मुलीच्या समोर सांगा की हिचा फोन लागला नाही तर निरोप पोचवीन. निरोप पोचवणं एवढंच तुमचं काम आहे, हे तिघांनाही ऐकू जायला हवं.

३. आईवडील निघाले की तुम्हीही बाहेर पडा

मराठवाड्याकडची मंडळी बहुधा रात्रीची देवगिरी पकडायला सीएसएमटी गाठतात, कोणी एसटी. मुलगी त्यांना फाटकापर्यंत सोडून परत येते तेव्हा तिला एकटीला बसायचं असतं. पाण्याची बाटली घेऊन निघा आणि वीसेक मिनिटं येऊ नका.

परत येताना स्वतःच्याच खोलीचं दार वाजवा. वेडेपणा वाटेल, पण न बोलता सांगता येणारी ही पहिली मर्यादा आहे. माझ्या सहा रूममेटपैकी पाच जणी दुसऱ्या दिवसापासून आपणहून दार वाजवायला लागल्या.

डोळे लाल दिसले तर "रडू नको, होईल सवय" म्हणू नका. "मेस साडेआठला बंद होते, आपण आठला जाऊ" असं काहीतरी कामाचं बोला. तिचा फोटो काढून "न्यू रूमी" म्हणून स्टेटसला टाकू नका. तिनं तोंडही धुतलेलं नसतं.

४. जेवणाआधी एक फेरी

दहा मिनिटांत संपवा. बाथरूम कुठलं, पाणी किती वाजता येतं आणि जातं, प्यायचं पाणी कुठल्या नळाचं, मेसची वेळ, रात्री दार किती वाजता बंद होतं. पाण्याच्या वेळा नेमक्या सांगा. "सकाळी लवकर जातं" या बोलण्याला काही अर्थ नाही. "सव्वासातनंतर धार बारीक होते" म्हटलं की ती गजर लावू शकते.

नवीन मुलीजवळ बादली बहुधा नसते. म्हणून पहिल्याच रात्री बादलीचा प्रश्न येतो आणि तिथेच "आपल्यात काय" हे वाक्य तोंडातून निसटतं. मदत करताना तिची मुदतही सांगायची: "आज माझी वापर, उद्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून तुझी घेऊ." आणि दुसऱ्या दिवशी खरंच तिच्याबरोबर जायचं. नव्या बादलीवर ऑइल पेंटनं नाव घालायचं, म्हणजे पुढचा वाद मजल्यावरच्या इतर जणींशीही होत नाही.

खाण्याबद्दल दोघींनी एकमेकींना एकच विचारावं, "खोलीत कशाचा वास सहन होत नाही?" कोणाला अंड्याचा, कोणाला सुक्या बोंबलाचा, एकीला तर अगरबत्तीचा व्हायचा नाही. खोलीतला वास आणि सामाईक भांडी याबद्दल बोलायचा दोघींनाही हक्क आहे. समोरची मेसमध्ये किंवा बाहेर काय खाते याबद्दल नाही. तिच्या घरच्या डब्यातला लाडू तिनं दिला तर एक घ्या. डबा आपण उघडायचा नाही, "काय काय आणलंय बघू" म्हणूनही नाही.

*जपून:* जेवणानंतर सीनियर मुली "इंट्रो"साठी बोलावतात. नाव-गाव सांगण्यापुरतं ठीक. उभं करणं, गायला-नाचायला लावणं, रडवणं हे रॅगिंग आहे. यूजीसीच्या २००९च्या नियमांनुसार त्यावर कारवाई होते आणि १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाइन आहे. तिला एकटीला पाठवू नका. बरोबर गेलात तर हसणाऱ्यांत बसू नका.

५. दिवा मालवण्याआधी: तीनच गोष्टी

हे बोलणं जेवणानंतर, दोघी आपापल्या कॉटवर टेकल्यावर करायचं. झोपायला अजून पाऊण तास तरी असावा. ती रात्रभर प्रवास करून आलेली असेल तर आज फक्त दिव्याचं बोला, उरलेल्या दोन गोष्टी उद्या.

वाक्याची घडण ठरलेली ठेवा. आधी स्वतःची सवय सांगायची, मग गरज, मग प्रश्न. प्रश्नात दोन पर्याय हवेत, कारण नुसतं "चालेल का?" विचारलं तर पहिल्या संध्याकाळी उत्तर एकच येतं.

त्या "चालेल"वर थोडं थांबते. लगेच आलं आणि पाठोपाठ काही तपशील आला ("चालेल, मी तशीही लवकर झोपते") तर ते खरं. थोडं थांबून आलं तर शंका घ्यावी. "तुला चालत असेल तर चालेल" याचा अर्थ नाही. "बघू" याचाही नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि पहिल्या रात्री भीड दोघींनाही असते.

माझी चौथी रूममेट परभणीची, फार्मसीच्या पहिल्या वर्षाची. मी तेव्हा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि रात्री एकपर्यंत वाचायचे. आमचं बोलणं असं झालं:

"मला रात्री एकपर्यंत वाचावं लागतं. ट्यूबलाइट नको, टेबल लॅम्प पुरतो. तुला लॅम्पच्या उजेडात झोप लागते, की पूर्ण अंधार लागतो?"

"चालेल."

"चालेल म्हणजे झोप लागते, की सहन करशील?"

ती पहिल्यांदा हसली. "आमच्या घरी नऊला सगळे झोपतात. गुडुप अंधार असतो."

"मग साडेअकरापर्यंत लॅम्प भिंतीकडे वळवून ठेवते. त्यापुढे मी रीडिंग रूममध्ये जाईन. दोन रात्री करून बघू. नाहीच जमलं तर सांग."

मग तिनं तिचं सांगितलं. पहाटे साडेचारला उठते आणि मोठ्यानं वाचल्याशिवाय पाठ होत नाही. माझ्या ओठांवर "चालेल" आलंच होतं. गिळलं. "गजर एकदा वाजला तर मला त्रास नाही, पण परत परत वाजला तर माझी झोप जाते. मोठ्यानं वाचायचं सहापर्यंत गच्चीच्या जिन्यात करशील का, की रीडिंग रूममध्ये?" तिनं जिना निवडला. म्हणजे मी साडेअकराला बाहेर आणि ती साडेचारला. सौदा बरोबरीचा होता म्हणूनच टिकला. एकीनंच सोडलं असतं तर पंधरा दिवसांत मोडला असता.

तिसरी गोष्ट वस्तूंची. इथे "विचारून घे" एवढंच म्हणणं पुरत नाही, यादी तोंडी सांगायची. माझी अशी: बाम, सुईदोरा, कात्री न विचारता घे. छत्री सांगून ने. टॉवेल, कंगवा, बादली, चप्पल माझी मलाच. टॉवेलचं कारणही सांगून टाका. पावसाळ्यात ओलसर टॉवेलमधून नायट्यासारखे त्वचेचे बुरशीजन्य आजार एकीकडून दुसरीकडे जातात. कारण सांगितलं की ते तिच्या स्वच्छतेवरचं बोट वाटत नाही. मग तिची यादी विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.

नेहमीच्या चुका म्हणजे समोरासमोर कॉटवर बसून व्हॉट्सॲपवर नियम पाठवणं, भिंतीवर यादी चिकटवणं आणि आधीच्या रूममेटच्या गोष्टी सांगून गर्भित इशारा देणं ("ती ना, माझा फेसवॉश वापरायची"). शेवटची चूक सर्वांत वाईट. ऐकणारीला एवढंच कळतं की उद्या आपल्याबद्दलही असंच बोललं जाणार.

*तपासा:* झोपण्याआधी तिच्या तोंडून निदान एक "मला नको" किंवा "मला हवं" आलं का? फक्त तुम्हीच सांगितलं असेल तर तुम्ही तिला नियम वाचून दाखवलेत, ठरलेलं काहीच नाही.

६. आज राखून ठेवायचं

खोलीवर येणाऱ्या मैत्रिणी, उसने पैसे, मित्राचे लांबलचक फोन, झाडू-फरशीची पाळी, आजारपणात कोण काय करणार. हे सगळं बोलायचंच आहे, पण पहिल्या रात्री काढलं तर ती घाबरून सगळ्यालाच "चालेल" म्हणेल. त्याऐवजी वार ठरवा: "पुढच्या रविवारी चहा पिताना बाकीचं बोलू. तोपर्यंत तुला काय खटकतं ते लक्षात ठेव, मीही ठेवते."

७. ठरलेलं पहिल्यांदा मोडलं की

त्याच दिवशी, उजेडी, एकाच गोष्टीबद्दल बोला. "आज गजर चारदा वाजला, मला नंतर झोप लागली नाही" एवढं पुरे. "तू नेहमीच" असं आलं की बोलणं संपतं आणि भांडण लागतं. ज्या पहाटे गजर वाजला त्या पहाटे अंधारात ओरडू नका, उठल्यावर सांगा. तीनदा सांगूनही तेच चालू राहिलं तर रेक्टरकडे जायचं, पण "मी आज मॅडमशी बोलणार आहे" हे तिला आधी सांगून.

चोरी, अंगावर हात टाकणं, कपडे बदलताना फोटो-व्हिडिओ काढणं या गोष्टी यात येत नाहीत. तिथे समजुतीचं बोलणं नको, त्याच दिवशी रेक्टर.

परभणीच्या त्या मुलीनं ठरलेल्या रविवारी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "एक सांगू? तुमच्या जीन्सचं पाणी माझ्या पुस्तकांवर ठिबकतंय." मला वाटलेलं की मी दोरीची अगदी बरोबर वाटणी केली आहे, पण माझ्या अर्ध्याखाली तिचं टेबल होतं. सहा दिवस ती रोज सकाळी पुस्तकं उचलून कॉटवर ठेवत होती. आम्ही बाजू बदलल्या, ओल्या जीन्स बाथरूमच्या दांडीवर नेल्या आणि दोरीवरची चिंधी हातभर दाराकडे सरकवली.